शंभर साड्या पाठवल्या, नफा किती साड्यांवर धरायचा?

माझी मावसबहीण नाशिकला सिडकोत राहते. घरातल्या एका खोलीत लोखंडी मांडणी लावून ती येवल्याच्या सेमी पैठण्या ऑनलाइन विकते. गेल्या नवरात्रानंतर तिचा फोन आला. "दादा, महिन्यात शंभर ऑर्डर गेल्या. एका साडीमागे दोनशे रुपये सुटतात, म्हणजे वीस हजार हवेत. खात्यात तर येवल्याला जायचं म्हटलं तर पैसे नाहीत. कुठे गेले?"

मी छोट्या विक्रेत्यांचे हिशेब लिहितो आणि हा प्रश्न मला दर सणाच्या हंगामानंतर ऐकायला मिळतो. तिचे पैसे कोणी चोरले नव्हते आणि तिची बेरीजही बरोबर होती. चुकत होते ते एवढेच की ती पाठवलेल्या साड्यांवर नफा धरत होती. नफा फक्त गिऱ्हाइकाने ठेवून घेतलेल्या साडीवर होतो, खर्च मात्र पाठवलेल्या प्रत्येक साडीवर. ही एक गोष्ट नीट समजली की किंमत, सवलत आणि माल किती भरायचा या तिन्ही प्रश्नांची उत्तरे बदलतात. म्हणून तिचाच हिशेब इथे उलगडून दाखवतो. आकडे समजायला सोपे व्हावेत म्हणून थोडे गोल केले आहेत. कमिशन आणि कुरिअरचे दर पोर्टलप्रमाणे, वजनाप्रमाणे आणि अंतराप्रमाणे बदलतात, त्यामुळे तुमच्या रेटकार्डवरचे आकडे घालून हाच हिशेब तुम्ही करा.

आधी एका साडीचा हिशेब

साडीची विक्री किंमत १,२६० रुपये. त्यात ५ टक्के जीएसटीचे ६० रुपये आहेत, ते सरकारचे. आपले १,२००. येवल्यातून ती साडी ७०० रुपये अधिक ३५ रुपये जीएसटी अशी पडते. जीएसटी तूर्त बाजूला ठेवू, त्याच्याकडे नंतर येतो. तर १,२०० मधून ७०० गेले, उरले ५००.

या पाचशेतून दोन प्रकारचे खर्च जातात आणि त्यांच्यातला फरक महत्त्वाचा आहे. पहिला खर्च साडी घराबाहेर पडताच होतो: कुरिअरचे जाण्याचे भाडे ७०, पिशवी-खोका-लेबल २०, आणि ती ऑर्डर मिळवण्यासाठी केलेली जाहिरात ४०. एकूण १३०. साडी परत आली तरी हे पैसे परत येत नाहीत. दुसरा खर्च विक्री टिकली तरच लागतो: पोर्टलचे १२ टक्के कमिशन आणि ठरावीक शुल्क मिळून १७०. साडी परत आली की तिच्या पोर्टलवर हे कापले जात नाही.

५०० मधून १३० आणि १७० वजा केले की २०० उरतात. बहीण सांगत होती तो आकडा हाच.

मग शंभराचे वीस हजार का झाले नाहीत?

नाशिकच्या माणसाला हे द्राक्षांवरून पटकन कळेल. बागेतून शंभर किलो माल काढला आणि निवडताना वीस किलो बाजूला पडला, तर चांगला भाव ऐंशी किलोला मिळतो. छाटणी, फवारणी, मजुरी मात्र शंभर किलोवर झालेली असते. बागायतदार कधी शंभर किलोला भाव लावून बसत नाही. ऑनलाइन विक्रेता नेमका तेच करतो, कारण पोर्टलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात ऑर्डरींचा आकडा दिसतो आणि परतीचा आकडा दोन पाने आत असतो.

तिच्या शंभर साड्यांपैकी १२ गिऱ्हाइकापर्यंत पोचल्याच नाहीत. पत्ता अपुरा, फोन लागला नाही, किंवा कुरिअरवाला दारात आल्यावर "आता नको" म्हणून सांगितले. याला या धंद्यात आरटीओ म्हणतात, म्हणजे गिऱ्हाइकाला न देता पाठवणाऱ्याकडे परत आलेले पार्सल. रोख देऊन घ्यायच्या ऑर्डरीत हे प्रमाण जास्त असते, कारण तिथे गिऱ्हाइकाने अजून काहीच दिलेले नसते. आणखी १० साड्या गिऱ्हाइकांनी घेतल्या, उघडून पाहिल्या आणि परत पाठवल्या. याला साधे रिटर्न म्हणू. म्हणजे टिकलेल्या विक्री ७८.

७८ गुणिले २००, झाले १५,६००. वीस हजारातले ४,४०० इथेच गेले. पण हा खड्डा दिसतो तरी. खरा खड्डा परत आलेल्या २२ साड्यांत आहे.

त्या २२ साड्यांवर घराबाहेर पडतानाचे १३० रुपये झालेलेच होते, म्हणजे २,८६०. पोचल्या नाहीत त्या १२ साड्यांचे येण्याचे भाडे प्रत्येकी ६० धरून ७२०. गिऱ्हाइकाच्या घरून उचललेल्या १० साड्यांचे येण्याचे भाडे प्रत्येकी १२० धरून १,२००. आणि साड्यांचे काय झाले? १५ साड्या जशाच्या तशा मांडणीवर गेल्या. ५ साड्यांची घडी मोडलेली होती, कुठे अत्तराचा वास, कुठे काठावर पिनेची भोके. त्या नवीन म्हणून विकता येईनात, प्रत्येकीमागे ३०० सोडावे लागले, म्हणजे १,५००. दोन पार्सलांत आपली साडी नव्हतीच, जुनी वेगळीच साडी घालून पाठवली होती. तिथे १,४०० बुडाले.

२,८६०, ७२०, १,२००, १,५०० आणि १,४०० यांची बेरीज ७,६८०. १५,६०० मधून ती वजा केली की उरतात ७,९२०. वीस हजारांच्या जागी आठ हजारांनाही थोडे कमी, आणि यात तिची मेहनत, इंटरनेट, वीज काहीच धरलेले नाही.

लक्षात ठेवायचा एक आकडा: एक परत साडी म्हणजे ३४९ रुपये

७,६८० ला २२ ने भागा. ३४९ येतात. एक साडी परत आली की ३४९ रुपये जातात आणि एक साडी टिकली की २०० येतात. म्हणजे एका परतीची भरपाई करायला जवळजवळ पावणेदोन साड्या विकाव्या लागतात.

प्रत्येक विक्रेत्याने महिन्यातून एकदा स्वतःच्या मालाचा हा आकडा काढावा असे मला कळकळीने वाटते, कारण त्यावरून धंद्याची कड कळते. तिच्या आकड्यांत शंभरातल्या साधारण ३६ साड्या परत आल्या की नफा शून्यावर येतो. ६४ साड्यांनी १२,८०० कमावले आणि ३६ साड्यांनी १२,५६४ खाल्ले. २२ वर ती सुरक्षित वाटत होती, पण सणाच्या गर्दीत घाईने घेतलेल्या ऑर्डरी जास्त परत येतात आणि ही कड वाटते तेवढी लांब नसते.

हिशेब सगळ्या मालाचा एकत्र करू नका. प्रत्येक डिझाइनचा, जमल्यास प्रत्येक रंगाचा वेगळा करा. तिने केला तेव्हा कळले की रिटर्न आलेल्या १० साड्यांपैकी ६ एकाच रंगाच्या होत्या. मोरपंखी.

"सेलमध्ये दहा टक्के सूट दिली तर ऑर्डरी वाढतील ना?"

वाढतील. पण हिशेब पाहा. दहा टक्के सूट म्हणजे १,२६० ची साडी १,१३४ ला. जीएसटी काढून आपल्या हाती १,०८०, म्हणजे आधीपेक्षा १२० कमी. कमिशन टक्क्यावर असल्याने ते १५ रुपयांनी कमी होते. एकूण १०५ रुपयांचा फटका. टिकलेल्या साडीमागचे २०० आता ९५ झाले.

शंभर पाठवल्या, ७८ टिकल्या, ७,४१० मिळाले. परतीचा खर्च मात्र कमी होत नाही, कारण कुरिअर आपल्या सवलतीचा विचार करत नाही. तो ७,६८० च. म्हणजे २७० रुपये तोटा. शंभराच्या दोनशे ऑर्डरी झाल्या तर तोटाही दुप्पट, ५४०. विक्री वाढून हा खड्डा बुजत नाही, उलट जितक्या ऑर्डरी तितका तो खोल जातो. गिऱ्हाइकाच्या नजरेला दहा टक्के किरकोळ वाटतात. विक्रेत्याच्या बाजूने तेच दहा टक्के म्हणजे अख्खा नफा आणि वर पदरचे पैसे.

आता उलटे करून पाहू. किंमत पाच टक्के वाढवली, १,३२३ केली. टिकलेल्या साडीमागे २५२ मिळतात. समजा ऑर्डरी शंभरावरून ८० वर आल्या आणि परतीचे प्रमाण तेच राहिले. ६२ टिकल्या, १५,६२४. १८ परत आल्या, ६,२८२ गेले. उरले ९,३४२. वीस ऑर्डरी कमी होऊनही हाती जास्त आले, माल कमी भरावा लागला आणि पार्सलेही कमी बांधावी लागली.

याचा अर्थ किंमत वाढवतच राहावी असा नाही. तीच डिझाइन शेजारचे चार विक्रेते कमी भावात देत असतील तर ऑर्डरी वीसने नाही, साठने घटतील. म्हणून तिने सगळ्या साड्यांची किंमत वाढवली नाही. फक्त तिच्याकडेच मिळणाऱ्या, एका विणकराकडून वेगळ्या काठाच्या करून घेतलेल्या साड्यांची वाढवली. बाजारात सगळीकडे असलेल्या डिझाइनची किंमत तशीच ठेवून तिची जाहिरात बंद केली.

परत येणाऱ्या साड्या कमी कशा होतात

२२ च्या जागी १६ परत आल्या असत्या तर? ८४ टिकल्या, १६,८००. परतीचे ५,५८४. नफा ११,२१६, म्हणजे ३,२९६ ने जास्त. एकही नवीन गिऱ्हाईक न शोधता. म्हणून जाहिरातीवर डोके लावण्याआधी परतीवर लावावे.

मोरपंखी साडीचा घोळ फोटोत होता. फोटो रात्री ट्यूबलाइटखाली काढलेला, त्यात ती निळी दिसत होती. घरी उघडल्यावर हिरवी निघायची. तिने सकाळी बाल्कनीत, थेट ऊन न येणाऱ्या जागी पुन्हा फोटो काढले. संपूर्ण साडीचा एक, पदराचा जवळून एक, आणि हातावर घेतलेला एक, म्हणजे रंगाचा अंदाज येतो. पदर हलवतानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओही टाकला, कारण सेमी पैठणी वेगवेगळ्या कोनातून वेगळा रंग दाखवते आणि गिऱ्हाइकाला ते आधीच कळलेले बरे.

दुसरा बदल वर्णनात. आधी नुसते "पैठणी" लिहिले होते. बाराशे रुपयांत हातमागावरची रेशमी पैठणी मिळत नाही हे आपल्याला माहीत असते, परराज्यातल्या गिऱ्हाइकाला नसते. गिऱ्हाईक रेशमाची अपेक्षा ठेवून पार्सल उघडते आणि परत पाठवते. आता पहिल्याच ओळीत "सेमी पैठणी, यंत्रमागावर विणलेली, आर्ट सिल्क" असे आहे आणि खाली साडी साडेपाच मीटर, ब्लाउजपीस वेगळा जोडलेला, हेही आहे. खरे लिहिल्याने काही ऑर्डरी कमी होतात. त्या बहुतेक परत येणाऱ्याच असतात.

पार्सल न घेता परत येण्यावर पोर्टलवरचा विक्रेता फारसे काही करू शकत नाही, कारण गिऱ्हाइकाचा नंबर त्याच्या हाती नसतो. वेळेत माल पाठवणे एवढे जमते. उशीर झाला की मन बदलते. पण व्हॉट्सॲपवर किंवा इन्स्टाग्रामवर थेट ऑर्डर घेत असाल तर रोखीच्या ऑर्डरीवर आधी शंभर रुपये भरून घ्या आणि उरलेले दारात. ज्याला खरोखर घ्यायची आहे तो शंभर भरतो.

बदललेल्या साडीचा दावा जिंकायचा तर पुरावा आपल्याकडे हवा. परत आलेले प्रत्येक पार्सल उघडताना एकसलग व्हिडिओ काढा. आधी बंद पाकिटावरचे लेबल स्पष्ट दिसले पाहिजे, मग कॅमेरा न थांबवता पाकीट फाडून साडी पूर्ण उलगडायची. मध्ये कट झालेला व्हिडिओ बहुधा नाकारला जातो. दाव्याची मुदत थोड्या दिवसांची असते, म्हणून परत आलेली पार्सले रविवारसाठी साठवून ठेवू नका. साडीला सहज दिसेल अशा जागी टॅग लावा आणि टॅग काढल्यास परत घेतली जाणार नाही हे पोर्टलच्या नियमात बसत असेल तर लिहा. एकदा नेसून परत पाठवणे त्याने बरेच कमी होते.

"पोर्टल टॅक्सही कापते, तो खर्चच ना?"

नाही, आणि इथे बरेच जण स्वतःचे पैसे सोडून देतात. पोर्टल पैसे देताना दोन छोट्या कपाती करते. एक जीएसटीची टीसीएस, जी १० जुलै २०२४ पासून १ टक्क्यावरून अर्धा टक्का झाली. दुसरी प्राप्तिकराची टीडीएस, जी १ ऑक्टोबर २०२४ पासून १ टक्क्यावरून ०.१ टक्का झाली. दोन्ही तुमच्या नावावर सरकारकडे जमा होतात. टीसीएस जीएसटी पोर्टलवर स्वीकारली की तुमच्या रोख खातेवहीत येते, टीडीएस प्राप्तिकराच्या विवरणात वळती होते. ७८ साड्यांवर टीसीएसच ४६८ रुपये आहे.

जीएसटीचा खरा पेच वेगळा आहे आणि तो फारसा कोणी सांगत नाही. साडीवर आपण ५ टक्के जीएसटी गोळा करतो, पण कमिशन, कुरिअर आणि जाहिरात यांवर १८ टक्के भरतो. ७८ साड्यांवर गोळा झाले ४,६८०. त्या साड्यांच्या खरेदीवर भरले २,७३०. कमिशन, भाडी आणि जाहिरात मिळून सुमारे २६,१८० चा खर्च, त्यावर १८ टक्क्यांनी ४,७१२. म्हणजे भरले ७,४४२ आणि गोळा झाले ४,६८०. सुमारे २,७६० रुपये क्रेडिट म्हणून जीएसटी पोर्टलवर उरतात. ते बुडत नाहीत, पुढच्या विक्रीच्या करात वापरता येतात. पण पुढच्या महिन्यातही हेच गणित असेल तर ते साठतच जाते, आणि सेवांवर भरलेल्या जीएसटीमुळे साठलेल्या अशा क्रेडिटचा परतावा रोख मिळत नाही. म्हणजे कागदावरच्या ७,९२० मधले सुमारे २,७६० तिला खर्च करता येत नव्हते. "खात्यात पैसे का नाहीत" याचे निम्मे उत्तर इथेच होते.

जीएसटी नोंदणी नसलेल्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात पोर्टलवरून माल विकता येतो. त्यांना क्रेडिट मिळतच नाही, म्हणून त्यांनी खरेदीवरचे ३५ रुपये आणि सेवांवरचे १८ टक्के सरळ खर्चात धरून किंमत ठरवावी.

उरलेले निम्मे उत्तर मांडणीवर होते

येवल्याच्या व्यापाऱ्याने तिला सांगितले होते, शंभर नग घेतले तर नगामागे २५ रुपये कमी. अडीच हजार वाचतात म्हणून तिने शंभर घेतल्या. हंगाम संपला तेव्हा २० साड्या पडून होत्या, दोन रंग कोणाला नको होते. ती सवलत हिशेबात न धरता २० गुणिले ७३५, म्हणजे १४,७०० रुपये कपाटात घडी घालून ठेवलेले. अडीच हजार वाचवायला तिने महिन्याच्या नफ्याच्या जवळजवळ दुप्पट रक्कम अडकवली.

पैसा फिरायला किती दिवस लागतात ते मोजा. तिची साडी सरासरी दहा दिवस मांडणीवर राहते, पाच दिवस वाटेत, आणि पोचल्यावर परतीची मुदत संपून पैसे यायला आणखी दहा दिवस. म्हणजे पंचवीस दिवस. परत येणारी साडी याहून जास्त दिवस बाहेर असते, तोवर ती ना विकलेली ना शिल्लक. तिला मांडणीवरचा माल समजून खरेदी थांबवू नका आणि तिच्यावर नवीन ऑर्डरही घेऊ नका.

येवला नाशिकहून दीड-दोन तासांवर आहे. मग महिन्याचा माल एकदम कशाला? आता ती पंधरा दिवसांनी ५० साड्या आणते, ३६,७५० रुपयांच्या. नवीन डिझाइनचे आधी सहाच नग. ते टिकले तरच पुढचे. नव्वद दिवस हलली नाही ती साडी खरेदीच्या भावात ओळखीच्या महिला मंडळात काढून टाकते. तिथे कुरिअर नाही, कमिशन नाही, परतही येत नाही.

पैसा पंचवीस दिवसांनी येतो आणि खरेदी पंधरा दिवसांनी, म्हणून साधारण दोन खेपांचे पैसे, ७३,५०० रुपये, तिला कायम धंद्यात ठेवावे लागतात. दिवाळीत ऑर्डरी दुप्पट करायच्या तर आणखी तेवढेच हवेत, आणि तेही पहिली साडी विकली जाण्याआधी. यंदा ओळखीतून महिना दोन टक्क्यांनी पैसे मिळत होते. महिन्याला १,४७० व्याज. वाढीव शंभर ऑर्डरींवर ७,९२० नफा धरला तर व्याज भरूनही ६,४५० उरतात, म्हणून ती तयार झाली होती. मी तिला एवढेच विचारले, दिवाळीनंतर यातल्या दहा साड्या पडून राहिल्या तर? दहा साड्या म्हणजे ७,३५०. तिने वहीत तो आकडा व्याजाच्या खाली लिहिला, थोडा वेळ पाहिला आणि शंभराच्या जागी चाळीस नगांची ऑर्डर दिली. त्यातही मोरपंखी फक्त चार.